कूलर आत्ता घ्यावा की जानेवारीपर्यंत थांबावं? (नागपूर, ऑफ सीझन खरेदी)

मनीषनगरकर | २६ जून, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. मागच्या वर्षाअखेर पुण्याहून नागपुरात बदली होऊन आलो. पहिला उन्हाळा घरमालकाच्या जुन्या लोखंडी कूलरवर कसाबसा काढला, आता स्वतःचा घ्यायचा आहे. मे महिन्यात सीताबर्डीला एका दुकानात साठ लिटरचा प्लास्टिक बॉडीचा डेझर्ट कूलर पाहिला होता, तेव्हा भाव सांगितला ११,५००. घासाघीस करायला गेलो तर दुकानदाराने मान वर करूनही पाहिलं नाही. परवा सहज आत डोकावलो तर तोच माणूस तोच कूलर ८,९०० ला देतो म्हणाला, वर चहाही मागवला.

प्रश्न असा, की आत्ता उचलावा, की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अजून उतरेल? की थेट जानेवारीत घ्यावा? शिवाय घरात दोन पंखे बदलायचे आहेत, मुलांना रेनकोट आणि थंडीत स्वेटर लागतील. या सगळ्याला एकच नियम लागू होतो का?

हिशोबी_राव | २६ जून, रात्री ९.४०

साधं गणित आहे. मागणी नाही तेव्हा भाव पडतो. उन्हाळ्यापासून जितके लांब जाल तितकं स्वस्त. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत थांबा, साडेसात हजारात मिळेल. शिवाय २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, त्यामुळे कूलर तसेही उतरलेत. दुकानदार जुना भाव सांगत असेल तर ऐकू नका.

इतवारीचा_भाचा | २६ जून, रात्री १०.२५

हिशोबीराव, ती कपात एसीवर होती. कूलरवर त्याआधीही १८ टक्केच होता. उगाच दुकानात जाऊन भांडू नका, तो हसेल तुम्हाला.

आता मूळ प्रश्न. मामांच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात बरीच वर्षं बसलोय, तेव्हा काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतो.

मागणी नाही म्हणून भाव पडतो हे अर्धंच खरं. माल दुकानदाराच्या अंगावर असतो आणि तो ठेवणं त्याला महाग पडतं, तेव्हा भाव पडतो. कूलरचं खोकं केवढं असतं पाहिलंत ना? एका मोठ्या कूलरच्या जागेत मिक्सरची ढीगभर खोकी मावतात. दुकानदार हा माल डिसेंबर ते फेब्रुवारीत भरतो, कारण तेव्हा कंपनीची सीझनआधीची स्कीम असते. जास्त नग उचला, जास्त सूट घ्या. आपल्याकडे पाऊस जूनच्या मध्याला येतो आणि एका आठवड्यात कूलरचं गिऱ्हाईक बंद होतं. उरलेला माल कंपनी सहसा परत घेत नाही. पैसे अडकलेले, गोडाऊन भरलेलं, आणि तीच जागा गणपतीनंतर दिवाळीच्या टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीनसाठी मोकळी करायची असते. म्हणून जूनचा शेवट आणि जुलै हीच त्याच्या घाईची वेळ. तुम्हाला चहा मिळाला तो त्यामुळे.

जुलै संपला की काय होतं? राहिलेले चार-सहा नग तो कापडात गुंडाळून माळ्यावर टाकतो आणि मनाशी ठरवतो की आता हे फेब्रुवारीतच काढायचे. त्यानंतर तुम्ही सप्टेंबरात विचारायला गेलात तर तो म्हणेल, "माल गोडाऊनला आहे, उद्या या." उद्या तुम्ही जाल तेव्हा खाली उतरवायला माणूस नसेल. एका कूलरसाठी माळा उपसणं त्याला परवडत नाही, म्हणून तो भाव कमी करत नाही, उलट तोंडाला येईल तो आकडा सांगतो. सप्टेंबरात साडेसात हजारांत मिळेल ही आशा म्हणूनच फोल आहे.

दुसरी खिडकी उघडते जानेवारीत. नवीन माल आलेला असतो, सगळे रंग, सगळे साइज समोर असतात, आणि कंपनीने दिलेला नगांचा आकडा गाठायचा म्हणून दुकानदार थोडं सोडतो. जुलैइतकं नाही सोडणार. पण मेच्या मानाने बरंच.

वर्धा_रोडचा_दादा | २६ जून, रात्री १०.५१

कूलर कशाला घेता, दीड टनाचा एसी घ्या ना, इन्व्हर्टर. कोणता घ्यावा याचा वेगळा धागा आहे का कुठे? मला पण घ्यायचाय.

इतवारीचा_भाचा | २६ जून, रात्री १०.५८

दादा, प्रश्न कूलर कधी घ्यायचा हा आहे. एसीसाठी नवीन धागा काढा, तिथे येतो.

घरचा_मिस्त्री | २७ जून, सकाळी ७.०५

मनीषनगरकर भाऊ, प्लास्टिकचा काऊन घेऊन राहिले? नागपूरच्या उन्हात लोखंडीच पाहिजे. पत्र्याचा कूलर बनवून घ्या, बाजूच्या कारखान्यात. त्याचा हिशोब मात्र वेगळा आहे, तो सांगतो.

पत्र्याच्या कूलरवाल्याजवळ तयार माल पडून नसते राहत, तो ऑर्डरवर ठोकते. म्हणून जुलैत त्याच्याकडे "सेल" नाही लागत. पण जानेवारीत त्याचे कारागीर रिकामे राहतात, तेव्हा गेले तर मजुरी कमी लावते आणि काम निवांत करते. एप्रिलमध्ये तोच माणूस दिवसाला ढीगभर काढते, वेल्डिंग घाईत, टाकीचे कोपरे गळतात. भाव तर वेगळाच. म्हणजे पैशाहून जास्त फरक कामात पडते.

आणि गेज विचारा. बावीस गेजचा पत्रा चोवीसपेक्षा जाड असते, आकडा कमी तेवढा पत्रा जाड, इथेच लोकं फसतात. मोटर तांब्याच्या वाइंडिंगची आहे का ते बिलावर लिहून घ्या. तोंडी सांगतात सगळेच.

सुमनमावशी_धरमपेठ | २७ जून, सकाळी ९.३०

स्वेटरचं मी सांगते बाळा. थंडीत तिबेटी लोकांच्या दुकानांतून आम्ही कितीतरी वर्षं घेतोय. हे लोक लुधियानाहून माल उधारीवर आणतात आणि सीझन संपला की हिशोब चुकता करून घरी जातात. त्यांचं नववर्ष, लोसार, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतं, त्याआधी त्यांना दुकानं आवरायची असतात. म्हणून संक्रांत झाली की भाव मऊ होतो. डिसेंबरात अडून बसणारी बाई जानेवारीच्या शेवटी स्वतःहून हाक मारते.

पण तोवर मापं संपलेली असतात हो. मोठ्या माणसांचे मिळतात, मुलांचे नाहीत. मुलांना तर आत्ताच्या मापाचं घेऊन उपयोग नाही, पुढल्या थंडीत हात मनगटाच्या वर. मी नातवाला दोन मापं मोठा घेतला तर त्याची आई म्हणते, पोरगं पोत्यात घातल्यासारखं दिसतं.

शिवाय खरी लोकर असेल तर ती वर्षभर सांभाळावी लागते. यांची एक चांगली शाल कसरीने खाल्ली. डांबरगोळ्या टाकल्या होत्या तरी. तुमच्यापैकी कोणाला कसरीवर उपाय माहीत आहे का?

इतवारीचा_भाचा | २७ जून, सकाळी १०.१०

मावशी, शाल धुऊन-वाळवून ठेवली होती का? अंगाचा घाम, तेल, सांडलेलं खाणं राहिलं की कसर तिथेच लागते. डांबरगोळीचा वास बंद पेटीतच टिकतो. उघड्या कपाटात ठेवली असेल तर उपयोग नाही.

स्वस्त स्वेटर बहुतेक अॅक्रिलिकचे असतात, त्यांना कसर लागत नाही, तेव्हा ते जानेवारीअखेर घेऊन वर्षभर ठेवायला हरकत नाही. शंका असेल तर आतल्या शिवणीतला एक धागा काढून जाळून पाहा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख चिमटीत चुरते. अॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो. हे घरी आणल्यावर करा बरं, दुकानात काडी पेटवू नका.

मनीषनगरकर | २७ जून, दुपारी १.४५

मावशी, भाचेसाहेब, धन्यवाद. मुलांचे स्वेटर म्हणजे डिसेंबरातच, भाव लागेल तो. रेनकोटचं काय? ऑगस्टअखेर घेतले तर?

गांधीबाग_होलसेल | २७ जून, दुपारी ३.२०

रेनकोटमध्ये फार अपेक्षा ठेवू नका. भाचेसाहेबांनी खोक्याचं सांगितलं, तेच इथे उलटं लागतं. रेनकोटचा गठ्ठा कोपऱ्यात पडून राहतो, छत्र्यांचा तर त्याहून कमी जागेत. दुकानदार म्हणतो, राहू दे, पुढच्या जूनमध्ये पहिल्या पावसाला दोन दिवसांत जाईल. म्हणून पोळ्यानंतरही फार तर थोडं सोडतो. छत्रीत तर नाहीच.

आणि जो रेनकोट खरंच निम्म्या भावात मिळतो तो बहुधा मागच्या, त्याच्या मागच्या वर्षीचा असतो. आत जो पाणी अडवणारा थर असतो तो नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली शिजून निघतो. घ्यायचाच असेल तर घडी पूर्ण उघडा. घडीच्या रेषेवर आतला थर पांढरट होऊन सुटतोय का, बोटाला चिकट लागतो का, शिवणीवरची पट्टी कोपऱ्यात उचकटली का, एवढं बघा. चिकट लागला तर फुकटही घेऊ नका, पहिल्याच पावसात पाठ भिजते.

मी_भाडेकरू | २७ जून, सायं. ६.०८

माझा प्रश्न थोडा वेगळा. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते. घरमालक खिडकीबाहेर कूलरचा स्टँड लावू देत नाही. खोलीत आत ठेवला तर चालेल का? मग स्वस्त असताना घेऊन ठेवते.

घरचा_मिस्त्री | २७ जून, सायं. ६.३५

ताई, आत ठेवून नका घेऊ. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते. आतलीच हवा फिरवली की तासाभरात खोली चिकचिक करते. बाल्कनीचं दार असेल तर दारात ठेवा, तोंड आत, आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. नाही तर पैसे वाचवा.

हिशोबी_राव | २७ जून, रात्री ८.१५

जीएसटीचं मान्य. पण भाचेसाहेब, तुमच्या हिशोबात व्याज कुठे आहे? आत्ता ८,९०० अडकवले तर ते सात महिने पडून राहणार. बँकेत ठेवले असते तर?

इतवारीचा_भाचा | २७ जून, रात्री ९.००

हे बरोबर विचारलंत. मनीषनगरकरांच्याच आकड्यांवर करू.

आत्ता ८,९००. जानेवारीअखेर तोच कूलर, मामांच्या अंदाजाने, ९,८०० च्या आसपास मिळेल. मेचा भाव ११,५००. ८,९०० वर वर्षाला ७ टक्के धरले तर सात महिन्यांचं व्याज साधारण ३६० रुपये. म्हणजे जानेवारीच्या तुलनेत आत्ता घेण्याचा निव्वळ फायदा ९०० वजा ३६०, पाचशे-साडेपाचशे रुपये. मेच्या तुलनेत मात्र जानेवारीतसुद्धा १,७०० वाचतात. म्हणजे मोठी बचत "उन्हाळ्यात न घेणं" यात आहे. जुलै की जानेवारी हा वाद पाचशे रुपयांचा.

आता त्या पाचशेंत काय काय येतं ते बघा. सात महिने घरात खोकं ठेवायला जागा. उंदीर, जे पंपाची वायर हमखास कुरतडतात. आणि तपासणी. जागा असेल तर आत्ता घ्या, दोन खोल्यांचं घर असेल तर जानेवारी बरी.

एक जास्तीची गोष्ट. हे आकडे दरवर्षी सारखे नसतात. मेमध्ये वादळी पाऊस पडत राहिला आणि ऊन तापलं नाही तर जूनमध्ये दुकानं भरलेली राहतात आणि भाव धडाधड उतरतात. नवतपा कडक गेला, पारा ४५ च्या वर राहिला, तर माल संपतो आणि जुलैत सूट नावालाच. तुमच्या दुकानात किती नग उरलेत ते नजरेने मोजा, त्यावरून किती ताणायचं ते कळेल.

मनीषनगरकर | २७ जून, रात्री ९.२२

हे फारच उपयोगी. घरात माळा आहे, जागा होईल. पण तपासायचं कसं? आत्ता लावून पाहिला तर गार हवाच येत नाही म्हणतात.

इतवारीचा_भाचा | २७ जून, रात्री ९.५५

येणारच नाही. मेमध्ये बाहेर ४३ अंश आणि दमटपणा २० टक्के असतो, तेव्हा पाणी उडून हवा २४-२५ पर्यंत उतरायला वाव असतो. जुलैत ३० अंश आणि दमटपणा ८५ टक्के. कितीही उत्तम कूलर असू दे, दोनेक अंशांच्या पलीकडे उतरणार नाही, पाणी उडतच नाही. म्हणून आत्ता गारव्यावर कूलर जोखायचा नाही. बाकी सगळं जोखता येतं.

घरी आणल्या दिवशीच टाकी काठोकाठ भरा आणि खाली जुना पेपर पसरून रात्रभर ठेवा, सकाळी पेपर कोरडा पाहिजे. पंप सुरू करून तिन्ही बाजूंच्या ताट्या वरून खालपर्यंत ओल्या होतात का बघा. एखादा पट्टा कोरडा राहिला तर वरच्या नळीची भोकं बुजलेली किंवा पंप कमजोर. मग पंखा सर्वांत हळू वेगावर लावा. मोटरचा दोष तिथे लगेच कळतो, घुरघुर येते किंवा सुरूच व्हायला हात लावावा लागतो. जोरात लावला की आवाजात सगळं झाकलं जातं.

हे लगेच करा, कारण वॉरंटी बिलाच्या तारखेपासून चालू होते. जुलैचं बिल असेल तर पुढचा अख्खा उन्हाळा वॉरंटीत येतो, ते चांगलंच. पण खोकं मार्चमध्ये उघडलंत आणि टाकी तडकलेली निघाली, तर दुकानदार म्हणेल की तुमच्याच माळ्यावरून पडला.

तपासून झालं की पाणी पूर्ण काढा, दोन दिवस ताट्या मोकळ्या करून पंखा चालवून सुकवा, मगच माळ्यावर. वरून प्लास्टिक गुंडाळू नका, आत ओल धरते. जुनी चादर बरी.

घरचा_मिस्त्री | २७ जून, रात्री १०.१८

लोखंडीवाल्यांनी टाकीला आतून रेड ऑक्साईड किंवा डांबर मारून ठेवा, आत्ताच, सुकल्यावर. आणि गवताच्या ताट्या फेब्रुवारीत घेऊन टाका. खराब नाही होत कोरड्या ठेवल्या तर. मे महिन्यात त्याच ताट्या दीडपटीने विकतात आणि गवत पण पातळ भरतात.

हनीकोंब_समर्थक | २७ जून, रात्री १०.४०

गवत कशाला, हनीकोंब पॅड घ्या, दोन-तीन सीझन जातात.

घरचा_मिस्त्री | २७ जून, रात्री १०.४७

बोअरचं पाणी असन तर एका सीझनमध्ये पांढरे दगड होतात त्याचे. कॉर्पोरेशनचं नळाचं पाणी असन तर ठीक आहे.

हनीकोंब_समर्थक | २७ जून, रात्री १०.५२

आमच्याकडे बोअरचंच आहे, तीन वर्षं झाली. आठवड्याला टाकीचं पाणी बदलतो.

घरचा_मिस्त्री | २७ जून, रात्री १०.५५

तुमचं बोअर चांगलं असन मंग.

गांधीबाग_होलसेल | २८ जून, सकाळी ११.३०

पंख्यांचं राहिलं. पंखे बारा महिने विकले जातात, नवीन घरं, दुकानं, ऑफिसं, त्यामुळे ऑफ सीझन असा नसतोच. हिवाळ्यात पाच-सात टक्के सुटले तर खूप. त्यापेक्षा कोणता पंखा घेताय ते बघा. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे. साधा पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी ३० च्या आसपास. रोज १५ तास, वर्षात आठ महिने धरले तर एका पंख्यामागे १६० युनिट वाचतात. आठ रुपये युनिट धरा, तेराशे रुपये वर्षाला. शंभर-दोनशेंच्या सुटीसाठी डिसेंबरपर्यंत थांबाल तर तेवढे विजेतच जातील. आत्ताच घेऊन टाका.

हिशोबी_राव | २८ जून, दुपारी १२.०५

आठ रुपये सगळ्यांना नाही लागत. कमी युनिटवाल्याचा दर कमी असतो.

गांधीबाग_होलसेल | २८ जून, दुपारी १२.२०

ज्याच्याकडे दोन पंखे आणि कूलर आहे तो उन्हाळ्यात कमी युनिटमध्ये बसत नाही राव.

मनीषनगरकर | २९ जून, सायं. ७.४०

आज दुकानात गेलो होतो. चार नग उरलेत. ८,६०० पर्यंत आला. पण त्याने एक वेगळाच पर्याय दिला: आत्ता २,००० ॲडव्हान्स द्या, भाव ८,६०० पक्का, कूलर माझ्याच गोडाऊनला ठेवतो, फेब्रुवारीत बाकी पैसे देऊन न्या, बिलही तेव्हाच, म्हणजे वॉरंटी तेव्हापासून. माळ्याचा आणि उंदरांचा प्रश्नच मिटतो. यात काही खोट आहे का?

इतवारीचा_भाचा | २९ जून, रात्री ८.३०

मामांना विचारलं. ते म्हणाले, मी असं कधी केलं नाही आणि करणारही नाही. ॲडव्हान्सच्या चिठ्ठीवर खोक्यावरचा सीरियल नंबर लिहून घेतला नाहीत तर फेब्रुवारीत तुम्हाला कोणता नग मिळेल हे तोच ठरवणार. मधल्या काळात तुमचा नग शोरूमला डेमो म्हणून चालला तरी तुम्हाला कळणार नाही.

सुमनमावशी_धरमपेठ | २९ जून, रात्री ८.५०

आमच्या ओळखीच्या दुकानात यांनी असंच फ्रिजचं केलं होतं, काही त्रास झाला नाही. माणूस कसा आहे त्यावर आहे.

इतवारीचा_भाचा | २९ जून, रात्री ९.०२

मावशी, ओळखीचा होता तुमचा. यांची ओळख मेमधली, आणि तेव्हा त्याने मान वर केली नव्हती.

मनीषनगरकर | २९ जून, रात्री ९.१५

सीरियल नंबर लिहून द्यायला तयार आहे का, उद्या विचारतो. नाही म्हणाला तर ८,६०० रोख देऊन घरी आणतो.